खड्डा बुजण्यापूर्वीची नोंद

प्रिय प्रशिक्षणार्थीस,

तुझे पत्र मिळाले. साइट डायरीत रोज नेमके काय लिहावे, असे तू विचारले आहेस. पायाची खोदाई सुरू होत आहे, असेही तू कळवले आहेस, म्हणून फुटिंगच्या एकाच खड्ड्यापुरते लिहितो. स्लॅबची लांबी-रुंदी नंतरही मोजता येते; खड्ड्याची खोली मात्र काँक्रीट पडल्यावर कोणालाच मोजता येत नाही.

प्रशिक्षणार्थी असताना मी एका खड्ड्याबद्दल डायरीत फक्त 'खोदाई पूर्ण' एवढेच लिहिले होते. नकाशाप्रमाणे खोली 1.80 मीटर होती, पण तळाशी मऊ माती लागल्याने वरिष्ठांनी तोंडी सांगून आणखी खोल खणायला लावले. दोन महिन्यांनी देयकाच्या वेळी ठेकेदाराने जादा खोदाई मागितली, तेव्हा वरिष्ठांची बदली झालेली होती आणि खड्ड्यावर स्तंभ उभा होता. ठेकेदार बहुधा खरे बोलत होता. माझ्या वहीत मात्र त्याला किंवा कार्यालयाला दाखवण्याजोगे काहीच नव्हते.

म्हणून खोदाईला हात लागण्यापूर्वीच जमिनीच्या लेव्हल घे. समजा, बेंचमार्कची, म्हणजे आधीच ठरलेल्या पक्क्या खुणेची, पातळी 100.000 आहे आणि त्यावर धरलेल्या स्टाफवर, म्हणजे उभ्या मोजपट्टीवर, लेव्हलच्या दुर्बिणीतून रीडिंग 1.250 आले, तर उपकरणाची उंची 101.250 झाली. चारही कोपऱ्यांवरील रीडिंगची सरासरी 1.430 असेल, तर जमिनीची पातळी 99.820. खोदाईनंतर उपकरणाची उंची पुन्हा बेंचमार्कवरून काढावी लागते. ती तेवढीच आली आणि तळाचे रीडिंग 3.680 मिळाले, तर तळाची पातळी 97.570 आणि खोली 2.250 मीटर. तळ 2.00 बाय 2.00 मीटर आणि करारानुसार मोजमाप तळाच्या मापाने सरळ वर धरायचे असेल, तर खोदाई 9.00 घनमीटर होते; नकाशाप्रमाणे ती 7.20 झाली असती. फरक 1.80 घनमीटरचा आहे, आणि तेवढीच पोकळी फुटिंगखाली दुबळ्या मिश्रणाच्या काँक्रीटने भरायची असेल, तर खरा खर्च खोदाईचा नसून त्या भरावाचा असतो. मोजणी संपल्यावर स्टाफ पुन्हा बेंचमार्कवर धर. काही मिलिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला, तर मध्येच कोणाचा तरी पाय तिपाईला लागलेला असतो आणि सगळी रीडिंग पुन्हा घ्यावी लागतात. हा कंटाळा भल्याभल्यांना येतो.

हे आकडे मोजमाप वहीत जातील. ते तसे का आले, हे डायरीत यायला हवे. नोंद साधारण अशी असावी: "सकाळी 11.20. फुटिंग क्र. 7. 1.80 मीटर खोलीवर मऊ काळी माती. पहार सहज आत जाते. प्रभारी अभियंत्यांनी पाहून कठीण मुरूम लागेपर्यंत खणण्यास सांगितले. दुपारी 3.40 वाजता मुरूम लागला, तळाची पातळी 97.570. ठेकेदाराच्या सुपरवायझरसमोर मोजले." खाली दोघांच्या सह्या. तोंडी सूचना ज्यांनी दिली त्यांची सहीही त्याच दिवशी घे. ठेकेदाराने स्वतःच्या चुकीने जास्त खणले असेल, तर तेही तितक्याच स्पष्टपणे लिही, कारण त्या भरावाचा खर्च सहसा त्याच्याच माथी असतो. आकडा चुकला, तर एक रेघ मारून शेजारी बरोबर आकडा लिहून सही कर. खाडाखोड केलेल्या आकड्यावर कोणीही विश्वास ठेवत नाही.

आता तळाची पातळी घेण्यासाठी स्टाफ धरून कोणीतरी खाली उतरणार आहे, तेव्हा त्याआधी काठावरून एक फेरी मार. काठाला समांतर बारीक भेग दिसते का, भिंतीतून पाणी पाझरते का, तळाशी ताजी ढेकळे पडली आहेत का, हे बघ. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून जास्त भरते. कंबरेपर्यंत गाडला गेलेला माणूसही स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. उकरलेली माती काठापासून निदान दीड मीटर लांब हवी, आणि शिडी काठाच्या वर सुमारे एक मीटर यायला हवी. 1.80 मीटरचा खड्डा 2.25 झाला, तेव्हा बाजूंना दिलेला उतार किंवा आधारही अपुरा ठरू शकतो. खोली वाढवण्याची सूचना लिहिताना ही गोष्ट प्रभारी अभियंत्यांना विचार आणि उत्तरही तिथेच नोंदव. ही फेरी रोज सकाळी, आणि पाऊस पडून गेला असेल तर पुन्हा, मारावी लागते.

भेग दिसली, तर खाली कोणालाही उतरू देऊ नकोस. भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून त्यांतील अंतर वेळेसह लिही आणि लगेच वरिष्ठांना कळव. तासाभराने तेच अंतर काठापासून दूर राहून मोजता आले, तर मोज. ते वाढले असेल, तर काठाजवळचे यंत्र आणि माणसे मागे घ्यावी लागतात. त्या दिवशी मोजणी झाली नाही, तर डायरीत तसेच लिही: "भेगेमुळे तळाची पातळी घेतली नाही."

तुझा,
एक जुना साइट अभियंता