बार चार्टच्या इमेजमधला चुकीचा बार आणि आकडा दुरुस्त कसा करायचा?

«वाचनालयाच्या वार्षिक अहवालातला नव्या सभासदांचा बार चार्ट माझ्याकडे फक्त पीएनजी इमेज म्हणून आहे, मूळ एक्सेल फाइल गेली. जूनच्या बारवर ७४ ऐवजी ४७ पडलंय आणि बारही ४७ एवढाच आहे. इमेजमध्येच बार उंच करून आकडा कसा बदलू?»

एक्सेल असतं तर दोन मिनिटांचं काम होतं, पण नाहीये, तर गिंप या इमेज एडिटिंगच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये करू. मी अहवाल-स्मरणिकांचं डीटीपी करतो, त्यामुळे छपाईच्या आदल्या रात्री असले बार बरेच ओढलेत. नजरेच्या अंदाजाने बार ताणायचा नाही, एवढंच पाळा. आधी मोजायचं, मग हात लावायचा.

इमेज उघडली की पहिलं काम `Image > Mode > RGB`. काही पीएनजी मोजक्या रंगांच्या असतात, त्यांत नवा रंग नीट बसत नाही. मग भरपूर झूम करा आणि उभ्या अक्षावरच्या दोन रेषा नेमक्या कुठे आहेत ते पाहा. माउस रेषेवर नेला की खाली डावीकडे आकडे दिसतात, त्यांतला दुसरा उंचीचा. गिंप वरून खाली मोजतं, म्हणजे वर जाताना आकडा कमी होतो. इथे पहिल्यांदा सगळेच गोंधळतात. धरून चालू की तुमची ० ची रेषा ५२० वर आहे आणि १०० ची १२० वर. शंभर सभासदांना ४०० पिक्सेल, म्हणजे एका सभासदाला चार. ७४ चा बार २९६ पिक्सेल उंच हवा:

```
520 - 74 × (520 - 120) / 100 = 224
```

नव्या बारचा माथा २२४ वर. आत्ता तो ३३२ वर असेल, म्हणजे १०८ पिक्सेल वर न्यायचाय. हे गणित खरं का ते शेजारच्या एखाद्या बरोबर असलेल्या बारवर तपासा. ५५ चा बार २२० पिक्सेल भरला तर पुढे जा. नाही भरला तर बहुतेक अक्ष शून्यापासून सुरू होत नसतो. मी एकदा असाच फसलो होतो. एका पतसंस्थेच्या चार्टमध्ये अक्ष २० पासून होता आणि मी तळाची रेषा शून्याची धरली. बार जास्तच उंच निघाला, तेही सर्वसाधारण सभेत एका आजोबांनी पट्टी लावून दाखवलं. अक्ष २० पासून असेल तर ७४ मधून आधी २० वजा करायचे आणि उरलेले ५४ मोजायचे.

आता आकडा. बार वाढवायच्या आधीच तो उचलून ठेवा, कारण जुना आकडा बारच्या डोक्यावर, साधारण ३०८ ते ३२३ च्या पट्ट्यात असतो आणि नवा बार थेट त्याच्यावरून वर जाणार. `Rectangle Select` ने अंक कॉपी करून नव्या लेअरवर चिकटवा आणि तो लेअर सध्या डोळा बंद करून ठेवा. एरवी फाँट शोधण्यात अर्धा तास जातो. तुमचं नशीब असं की ४ आणि ७ दोन्ही अंक आधीच इमेजमध्ये आहेत, फक्त जागा चुकल्यात. वेगळा आकडा हवा असता तर बाकीच्या बारवरून अंक उचलले असते. नव्याने टाइप केलेला अंक छापल्यावर किंचित जाड-बारीक दिसतो आणि लगेच डोळ्यात येतो.

बारसाठी ताणण्याऐवजी मी एक पट्टी वापरतो. जुन्या बारच्या मधली, समजा ४०० वरची, एकच पिक्सेल उंचीची आडवी ओळ निवडा. रुंदी बारएवढी अचूक, कडेची रेघ असेल तर तिच्यासकट. कॉपी करून नव्या लेअरवर चिकटवा. मग `Layer > Scale Layer` मध्ये रुंदी-उंचीची साखळी तोडा, उंची २९६ टाका आणि `Interpolation` मध्ये `None` निवडा, नाहीतर कडा पुसट होतात. लेअरवर उजवं क्लिक करून `Edit Layer Attributes` मध्ये `Offset Y` ला २२४ टाका. `Offset X` जुन्या बारच्या डाव्या कडेचा. रंगाचा शेड डावीकडून उजवीकडे बदलत असेल तरी या पद्धतीत तो जसाच्या तसा येतो, रंग ओतला तर सपाट होतो. बारला वरून रेघ किंवा गोल कोपरे असतील तर जुन्या बारचा माथा, वरचे पाच-सहा पिक्सेल, वेगळा कॉपी करून २२४ वर बसवा. गोल कोपऱ्यांच्या बारला पट्टी त्या माथ्याखालूनच सुरू करा, नाहीतर कोपरे चौकोनी दिसतील. शेड वरून खाली बदलत असेल तर मात्र ही पट्टी कामाची नाही, अख्खा बार `Scale Layer` ने वाढवावा लागतो.

ओळ कॉपी केलेली इमेज मूळची जेपेग असेल तर उभे ओरखडे दिसतील. तेव्हा एक ओळ न घेता वीस-तीस ओळींचा तुकडा घ्या आणि तोच एकावर एक लावत जा.

आता अंकांचा लेअर उघडा, सगळ्यात वर आणा आणि अंकांची अदलाबदल करा. ७ कापून डावीकडे, ४ उजवीकडे, मधली फट आधीएवढीच. `Offset Y` ३०८ होता तो २०० करा. आणि इथेच एक गंमत होते. ८० ची आडवी रेषा बरोबर २०० वर आहे, अंकांच्या पांढऱ्या चौकोनाने ती तुटलेली दिसेल. लेअरचा मोड `Multiply` करा. पांढरं गायब होतं, अंक राहतात आणि रेषा मागून सलग जाते. अंकांभोवती अंधुक राखाडी चौकट उरली तर त्या लेअरचं पांढरं पूर्ण पांढरं नाही. `Colors > Levels` मध्ये उजवा बाण थोडा डावीकडे सरकवा, जाते.

हेच उलटं असतं, म्हणजे बार कमी करायचा असता, तर मोकळी होणारी जागा पांढऱ्याने भरू नका, रेषा पुसल्या जातात. दोन बारच्या मधल्या फटीतला, त्याच उंचीचा तुकडा घेऊन आडवा रुंद करायचा. त्यात रेषा आपोआप येतात.

झालं की तळापासून माथ्यापर्यंत निवड करून `Size` मध्ये २९६ दिसतं का बघा. मग `File > Export As` ने पीएनजीच ठेवा, जेपेग नको. आणि मूळ इमेज जपून ठेवा, कोणी विचारलं तर काय बदललं ते दाखवता येईल.

बारपेक्षा जास्त वेळा विसरलं जातं ते इमेजमधलं बाकीचं. शीर्षकात वर्षभराची बेरीज असेल तर ती २७ ने वाढते, सरासरीची रेषा असेल तर तीही वर सरकते आणि अहवालाच्या मजकुरात ‘जूनमध्ये नवे सभासद कमी झाले’ असं कुणीतरी हौसेने लिहिलेलं असतं. तेही बघा. अहवाल आधी कुणाला वाटून झाला असेल तर चार्टखाली ‘जूनचा आकडा दुरुस्त’ अशी ओळ टाकाच. आणि खरा आकडा १०० च्या वर निघाला, म्हणजे बार अक्षाच्या बाहेर जातोय, तर ही खटपट सोडा. बाकीच्या बारवरचे आकडे वाचून एक्सेलमध्ये भरा आणि चार्ट नव्याने काढा.