मेट्रोनिडाझोल चालू असलं तरी धनुर्वाताचं इंजेक्शन लागतंच

प्रश्न: गोठ्यात काम करताना तळपायात खिळा घुसला. मेडिकलवाल्याने मेट्रोनिडाझोल दिलं, चार दिवस घेतोय, जखम सुकलीय. आता धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायची खरंच गरज आहे का?

आहे. आजच जा. आणि वरून सुकलेल्या जखमेवर भरवसा ठेवू नका, बारीक तोंडाची खोल जखमच या जंतूला मानवते.

आमच्याकडे हेच झालं. उकिरड्यातून शेणखत भरताना आप्पांच्या पायात दाताळ्याचा दात स्लीपर फोडून घुसला. हळद दाबली, फडकं बांधलं. आमचे दाजी फार्मसी शिकलेले, त्यांनी मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाले, "हवेशिवाय वाढणारे जंतू यानेच मरतात, दवाखाना कशाला?" दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मीच आप्पांना गाडीवर घालून ग्रामीण रुग्णालयात नेलं.

डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, आजवर धनुर्वाताचे डोस किती झाले? आप्पा म्हणाले, शाळेत काहीतरी टोचलं होतं. डॉक्टरांनी ते शून्य धरलं. आईला बाळंतपणांत तरी इंजेक्शनं मिळाली होती, तिच्या पिढीतल्या पुरुषांना कोण विचारतं?

मग भूल देऊन जखमेचं तोंड मोठं केलं, सिरिंजने सलाईनचा जोरात मारा करून धुतलं. आतून स्लीपरचा रबराचा तुकडा निघाला, त्याला शेण चिकटलेलं. मेलेलं काळपट मांस कापून काढलं आणि टाका न घालता जखम उघडी ठेवली. धनुर्वाताचे बीजाणू, म्हणजे त्या जंतूचं टणक कवचातलं झोपलेलं रूप, शेणामातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि जिथे रक्त पोचत नाही, म्हणून प्राणवायू नाही, तिथे उगवतात. रक्त नाही तिथे गोळीचं औषध तरी कसं पोचणार? रबराचा तो तुकडा आत राहिला असता तर दाजींच्या गोळ्या त्याच्या आजूबाजूनेच फिरत राहिल्या असत्या.

नंतर दोन इंजेक्शनं, दोन वेगळ्या जागी. एक इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडं. ते बाहेरून आणावं लागलं आणि स्वस्त नव्हतं. एरवी २५० युनिट देतात. आमचा एक दिवस उलटला होता आणि जखम शेणाने भरलेली, म्हणून ५००. दुसरं टीडी, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाची लस. लसीने शरीर स्वतःची प्रतिपिंडं बनवतं, पण ज्याचे आधीचे डोसच नाहीत त्याला एका डोसाने संरक्षण मिळत नाही. दुसरा डोस चार आठवड्यांनी, तिसरा सहा महिने ते वर्षाने. मधला उघडा काळ इम्युनोग्लोब्युलिन सांभाळतं.

मेट्रोनिडाझोल डॉक्टरांनीही चालू ठेवलं, सोबत आणखी एक अँटिबायोटिक दिलं, कारण शेणाच्या जखमेत इतर जंतूही पू करतात. दाजी याच वाक्याला धरून आजही लग्नकार्यात सांगतात की आप्पा त्यांच्या गोळ्यांनी वाचले. दाजी, मेट्रोनिडाझोल उगवलेला, वाढणारा जंतू मारतं. बीजाणूला ते काही करत नाही, म्हणजे गोळ्या संपल्यावर उरलेले बीजाणू उगवायला मोकळे. आणि जंतूने सोडलेलं विष? त्याला कुठलंच अँटिबायोटिक हात लावत नाही. माणूस आखडतो तो त्या विषाने. ते मज्जातंतूंत शिरून एकदा चिकटलं की इम्युनोग्लोब्युलिनही ते सोडवू शकत नाही. ते फक्त अजून मोकळं फिरणारं विष निकामी करतं. म्हणून लक्षणांची वाट न बघता आधी टोचायचं. धनुर्वात झालेल्या रुग्णाला मेट्रोनिडाझोल सात ते दहा दिवस देतात खरं, पण तेही नवं विष तयार होऊ नये म्हणून. भिनलेलं विष ओसरायला कित्येक आठवडे जातात.

आता तुमचं. चार दिवस झाले म्हणून उशीर झाला असं समजू नका. लक्षणं साधारण तीन ते एकवीस दिवसांत दिसतात. तुमचे तीन डोस पूर्ण असतील आणि शेवटचा पाच वर्षांच्या आत असेल, तर नवीन इंजेक्शन लागणार नाही, एवढी सूट. पाच वर्षं उलटली असतील तर फक्त टीडी. डोस आठवतच नसतील तर गोठ्यातल्या जखमेला दोन्ही. जखम मात्र कोणत्याही परिस्थितीत उघडून बघायला सांगा, आत काही राहिलंय का ते. जबडा उघडेना, गिळताना अडकतंय, मान ताठतेय असं झालं तर गावातल्या दवाखान्यात वेळ न घालवता आयसीयू असलेलं रुग्णालय गाठा. मी डॉक्टर नाही, डोस तपासणारेच ठरवतील.

बाकी दाजींना मी त्यांचा स्वतःचा शेवटचा डोस कधी झाला ते विचारलंय. अजून आठवतायत.