गौर आली, गौरी उभ्या राहिल्या, महालक्ष्म्या जेवल्या

प्रश्न : माझ्या नागपूरच्या माहेरी ‘महालक्ष्म्या बसल्या’ म्हणतात, रत्नागिरीला सासरी ‘गौर आली’ आणि पुण्याची जाऊ ‘गौरी उभ्या केल्या’ म्हणते. बरोबर कुठलं? आणि देवाला आपण नैवेद्य दाखवतो, मग ‘आज गौरी जेवणार’ असं का?

उत्तर : तिन्ही बरोबर. ज्या घरी गौरीचं जे रूप, तिथे तसं क्रियापद.

कोकणात अनेक घरी तेरड्याची गौर आणतात. मुळांसकट उपटलेला तेरडा, त्याची एक जुडी, तीच गौर, म्हणून एकवचन. काही घरी खड्यांच्या गौरी असतात. सवाष्ण किंवा घरातली मुलगी पाणवठ्यावरून पाच किंवा सात खडे आणते, तेही तोंडातून अवाक्षर न काढता, आणि ते तांदळावर ठेवतात. तिथे ‘उभ्या केल्या’ म्हणायला जागाच नाही. मुखवट्याच्या दोन गौरींना मात्र कोठीवर नाहीतर स्टँडवर साडी नेसवून उभं करतात. विदर्भ-मराठवाड्यात याच रूपाला महालक्ष्म्या म्हणतात. आता त्या उभ्या दिसत असूनही ‘बसल्या’ कशा? गणपती बसतो, देवीचे घट बसतात, तसंच हे. इथे बसणं म्हणजे स्थापना होणं, शरीराची ठेवण नव्हे.

अनेकवचनाचं विचाराल तर महालक्ष्मीचं ‘महालक्ष्म्या’ होतं, नदी-नद्यांसारखं. गौरी मात्र दासी, देवी यांच्या पंगतीतली, रूप न बदलणारी : एक गौरी, दोन गौरी. ‘गौऱ्या आल्या’ म्हणून पाहा, बऱ्याच गावांत लोकांना चुलीतल्या गोवऱ्या आठवतील!

जोडीतल्या ‘ज्येष्ठे’चा उगमही लक्षात ठेवण्याजोगा आहे. ज्येष्ठागौरी हे नाव नक्षत्रावरून आलं. भाद्रपद शुक्ल पक्षात अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मुळावर विसर्जन. मूर्ती दोन, म्हणून दुसरी ‘कनिष्ठा’ झाली आणि थोरली-धाकटी अशी बहिणींची जोडी ठरली. सगळं तिथीऐवजी नक्षत्रावर चालत असल्यामुळे गौरी-गणपतीचं विसर्जन दरवर्षी एकाच दिवशी येत नाही. 2023 साली चतुर्थी 19 सप्टेंबरची आणि गौरी विसर्जन 23 ला, म्हणजे गणपती पाच दिवसांचा. 2025 मध्ये चतुर्थी 27 ऑगस्टची आणि विसर्जन 2 सप्टेंबरला, तेव्हा तोच गणपती सात दिवस राहिला. (जाता जाता : पत्रिकेत ‘गौरी आव्हान’ छापू नका. आवाहन म्हणजे बोलावणं. आव्हान कुस्तीच्या फडात देतात.)

आता जेवण. गौरी ही माहेरवाशीण, आणि माहेरवाशिणीला जेवण दाखवून कसं चालेल? ती जेवते. दारातूनच तिचं पाहुणीसारखं करतात : पायांवर दूध-पाणी, उंबऱ्यापासून रांगोळीची पावलं, ‘गौरी आली?’ ‘आली.’ ‘कशाच्या पावली?’ ‘सोन्याच्या पावली’ असं विचारत घरभर फिरवणं. आल्या दिवशी प्रवासातून आलेलीला जड काही नाही. भाजी-भाकरी, तीही बहुतेक घरी शेपू नाहीतर मेथीची. खरा थाट दुसऱ्या दिवशी. पुरणपोळी, कटाची आमटी, वडे, भजी, पंचामृत, कोशिंबिरी. विदर्भात ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील हवीच, ती नसली तर आजी पान पुरं मानणार नाही. कोकणात याच दिवशी घावन-घाटलं. कित्येक कोकणी घरांत तिखटाचा, म्हणजे सामिष नैवेद्यही असतो. तो ऐकून घाटावरच्यांनी नाक मुरडू नये.

सोळा भाज्यांचा धसका मात्र उगाच घेतला जातो. सोळा पातेली चुलीवर चढवायची नसतात. भोपळा, भेंडी, पडवळ, गवार, सुरण असं थोडं थोडं मिळून सोळा जिन्नस एकाच भाजीत पडले की बहुतेक घरी काम भागतं. एखादी भाजी बाजारात मिळाली नाही तर पालेभाजीची चार पानं घालून संख्या भरतात.

पान वाढून झालं की काही घरी पडदा ओढतात किंवा दार लोटून घेतात आणि सगळे बाहेर थांबतात. पाहुणीला टक लावून बघत बसलं तर ती जेवेल कशी? थोड्या वेळाने आत जाऊन विडा देतात, आणि मगच ‘महालक्ष्म्या जेवल्या’ असं जाहीर होतं. त्यानंतर सवाष्ण आणि आप्तांची पंगत. शेजारणीला बोलावताना म्हणूनच ‘आमच्याकडे गौरीजेवण आहे, या’ म्हणायचं. ‘प्रसादाला या’ म्हटलंत तर ती वाटीभर शिऱ्याच्या अपेक्षेने येईल आणि समोर केळीचं भरलेलं पान बघून घरी जेवून आल्याचा पश्चात्ताप करेल.