एका पानाला दोन तास लागतात

"ताई, मी 54 वर्षांची, मिस्टरांना जाऊन दीड वर्ष झालं. माझी दहावी मराठी मीडियममधून. त्यांच्या कपाटात इंग्रजी कादंबऱ्या आहेत, त्या डिक्शनरी घेऊन वाचायला बसते पण एका पानाला दोन तास जातात आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं काहीच आठवत नाही. वयामुळे होतंय का दुःखामुळे? का सोडूनच देऊ हे?"

तुमचं वाचताना मला माझ्याकडे येणाऱ्या एक काकू आठवल्या. नाव-गाव लिहीत नाही, ओळख पटेल असे बाकीचे तपशीलही बदललेत आणि त्यांना विचारूनच लिहितेय. त्या तुमच्याहून दोन वर्षांनी मोठ्या, नवरा गेल्यावर आठ महिन्यांनी आल्या, तक्रार झोपेची होती, पुस्तकाचा विषय तिसऱ्या भेटीत निघाला. म्हणाल्या की माझं डोकं कामातून गेलंय, काल पाहिलेला शब्द आज आठवत नाही.

मी त्यांना एकच काम दिलं, की आज रात्री मराठी दिवाळी अंकातली एक कथा वाचायची आणि उद्या दुपारी बहिणीला फोनवर सांगायची. त्यांनी ती सांगितली, पात्रांच्या नावांसकट. म्हणजे लक्षात राहत होतं, अडचण समोरच्या पुस्तकात होती. हे तुम्ही आधी करून बघा, कारण जवळचं माणूस गेल्यावर झोप मोडते, लक्ष उडतं आणि त्याने विसरायलाही होतं, ते खरंच आहे. पण मराठी कथाही सांगता आली नाही, किंवा जेवण, घरकाम, माणसांशी बोलणं हे सगळंच दीड वर्षानंतरही ठप्प असेल तर पुस्तक बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना नाहीतर समुपदेशकाला भेटा, तो वेगळा विषय आहे.

मग मी काकूंना त्यांचं ते जाड पुस्तक घेऊन यायला सांगितलं. एक पान उघडलं आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारायला लावली. एकसष्ट रेघा झाल्या! पानावर साधारण अडीचशे शब्द, म्हणजे चारातला एक शब्द परका. वाचनावर अभ्यास करणारे लोक सांगतात की आरामात वाचायचं तर शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे लागतात, म्हणजे अडीचशेच्या पानावर अनोळखी शब्द फार तर पाच. एकसष्ट शब्द डिक्शनरीत शोधत बसलं की एकसष्टावा सापडेपर्यंत पहिलं वाक्य कशाबद्दल होतं तेच निसटतं, आणि गोष्टच हातात नसेल तर शब्द टिकणार कशाला धरून?

मी विचारलं, हेच पुस्तक का? बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे रात्री वाचता वाचता एकटेच हसायचे. मी विचारलं की म्हणायचे, तुला नाही कळायचं, झोप. मला बघायचंय ते कशाला हसायचे."

यावर मी काय बोलणार. एवढंच म्हटलं की मग हे पुस्तक टाकायचं नाही, फक्त आत्ता नाही वाचायचं.

सुरुवात पाचवीतल्या पुतणीच्या छोट्या गोष्टींच्या पुस्तकांनी केली. पहिले दोन दिवस लाज वाटली, जाऊबाई बोलल्याही काहीतरी, पण पानाला सात-आठच रेघा होत होत्या आणि गोष्ट पुढे सरकत होती. चार महिन्यांनी आर. के. नारायण यांची 'स्वामी अँड फ्रेंड्स' घेतली. कादंबरी 1935 ची, पण मालगुडीची सिरीयल त्यांनी दूरदर्शनवर पाहिलेली होती, त्यामुळे स्वामी, त्याची आजी, शाळा, क्रिकेट हे सगळं आधीच डोळ्यांसमोर होतं. पानाला चौदा-पंधरा शब्द अडायचे, पाचाच्या हिशोबात हे जास्तच, पण माणसं ओळखीची असली की अंदाज बरोबर लागतो. म्हणून पहिली कादंबरी निवडताना सिरीयल पाहिलेली किंवा मराठीत वाचलेली गोष्टच घ्या असं मी सांगते.

डिक्शनरीची पद्धतही बदलली. आधी अख्खा परिच्छेद न थांबता वाचायचा, फक्त रेघा मारत. मग जो शब्द परत परत येतो किंवा ज्याच्यावाचून गाडी अडते तोच शोधायचा, बाकीचे सोडून द्यायचे. शोधलेल्या शब्दाशेजारी डिक्शनरीतच एक टिंब, पुढच्या वेळी दुसरं, आणि तिसरं टिंब पडलं की तो शब्द त्याच्या पूर्ण वाक्यासकट वहीत. एकदा पाहिलेला शब्द विसरणं हे कुठल्याही वयात होतंच हो, वेगवेगळ्या वाक्यांत आठ-दहा वेळा भेटल्यावर तो आपला होतो.

आणि पहिला अर्थ उचलायचा नाही! काकू एका गोष्टीत 'लेफ्ट'चा अर्थ डावा धरून बसल्या होत्या, तिथे माणूस निघून गेला होता. 'टुक आफ्टर' सापडेना कारण त्या 'टुक' शोधत होत्या, ते 'टेक'च्या खाली शेवटी शेवटी असतं, आणि अर्थ आपलाच, मुलगा बापावर गेला. पण एक शब्द मला विसरता येत नाही. गोष्टीतली बाई आपल्या 'लेट हजबंड'बद्दल बोलत होती आणि काकूंना वाटलं नवरा रोज उशिरा घरी येणारा असणार, ट्रेन लेट असते तसं. दोन पानं तशीच वाचली, काही जुळेना, मग डिक्शनरीत खालपर्यंत गेल्या तर तिथे होतं, दिवंगत. त्या दिवशी पुस्तक मिटून ठेवलं आणि खूप रडल्या, नवरा गेल्यापासून एवढ्या रडल्या नव्हत्या असं मला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी वहीत लिहिलं, "माय लेट हजबंड". या शब्दाला त्यांनी तीन टिंबांची वाट पाहिली नाही.

वेळ आम्ही संध्याकाळी सातची ठरवली होती, कारण मिस्टर कामावरून यायची ती वेळ आणि तेव्हाच घर खायला उठायचं. अर्धाच तास. झोपायच्या आधी नाही, कारण शब्द डोक्यात फिरत राहायचे आणि झोप तर आधीच कमी.

एक मात्र स्पष्ट सांगते, नुसत्या वाचनाने बोलता येत नाही. काकू 'आयलंड'ला मनात 'इसलंड' म्हणत राहिल्या, कोणी ऐकणारंच नव्हतं ना. मग रोज पाच ओळी पुतणीला मोठ्याने वाचून दाखवायला लागल्या, ती चुका काढते. बोलणं अजूनही अडखळतच आहे. तुम्हाला बँकेत किंवा नातवाशी बोलण्यासाठी इंग्रजी हवं असेल तर कादंबरी हा लांबचा रस्ता आहे, बोलायला सोबत कोणीतरी लागेल. पण तुम्हीही मिस्टरांच्याच कपाटातून सुरुवात केलीत, म्हणून मला वाटतं तुमचं कारण काकूंसारखंच काहीतरी असावं.

तर उद्या एक पान, पेन्सिल, आणि रेघा मोजून मला कळवा. वीसच्या वर गेल्या तर ते पुस्तक कपाटात परत, तारीख आणि आकडा आत लिहून.

काकूंनी तसंच केलं होतं. मागच्या महिन्यात, म्हणजे चौदा महिन्यांनी, त्यांनी ते जाड पुस्तक पुन्हा काढलं, तेच पान, जुन्या रेघा खोडून परत मोजल्या. तेवीस झाल्या. मला वाटलं आता वाचायला घेतील. तर म्हणाल्या, "अजून तेवीस आहेत ताई, एवढ्यात नको. हसायची जागा हुकेल."