हॉलंडेज सॉस फुटू नये म्हणून

दोन अंड्यांच्या पिवळ्या बलकात एक मोठा चमचा पाणी आणि थोडा लिंबाचा रस घालून, जेमतेम वाफाळणाऱ्या पाण्यावर, परंतु पाण्याला स्पर्श होणार नाही अशा रीतीने वाडगे ठेवावे आणि व्हिस्कने सतत फेटावे. व्हिस्क फिरवताना वाडग्याचा तळ दिसू लागला की थर्मामीटरने तापमान पाहावे. सुरक्षिततेसाठी ते ७१ अंश सेल्सिअस व्हायला हवे, मात्र त्यापुढे फार गेल्यास बलक शिजून कण धरतो, म्हणून वाडगे लगेच उचलावे.

यानंतर वितळवलेले सुमारे १२० ग्रॅम कोमट लोणी घालायचे आहे. सुरुवातीला ते थेंबाथेंबाने घालणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण बलक एका वेळी थोडीच चरबी धरून ठेवू शकतो. कडेला तूप सुटू लागले तर लोणी थांबवून चमचाभर कोमट पाणी फेटावे. सॉस पूर्ण फुटलाच, तर स्वच्छ वाडग्यात चमचाभर कोमट पाणी घेऊन त्यात तो थोडाथोडा फेटत न्यावा. शिजलेल्या बलकाचे कण मात्र फेटून विरत नाहीत. तसा सॉस फार तर गाळता येतो. तयार सॉस ६० अंशांच्या वर ठेवावा, अन्यथा लगेच वाढावा.