मीडिएशनला जाताना मुलीचा आठवडा कागदावर मांडून न्या

"लेक सहा वर्षांची, माझ्याकडे असते. पुढच्या आठवड्यात मीडिएशन आहे. नवरा म्हणतो, एक आठवडा तुझा, एक माझा. दोन वर्षं त्याने ढुंकून पाहिलं नाही, हे सगळं तिथे सांगायचंय. काय मांडू?"

ताई, इंदूरमध्ये बरीच वर्षं मी मध्यस्थीचं काम करते. तुमचा राग खरा आहे, पण तिथे बोललेलं गोपनीय राहतं. समझोता झाला की नाही एवढंच न्यायाधीशांना कळतं, त्यामुळे तक्रारींची यादी वाचून तिथे काही सिद्ध होत नाही. मात्र मारहाण किंवा धमकीचा प्रकार असेल तर मध्यस्थाला एकट्यानं भेटून आधी तेच सांगा. मग पुढचं वेळापत्रक लागू पडत नाही.

तसं नसेल तर लेकीचा आठवडा लिहून न्या. उठते कधी, शाळेत कोण सोडतं, कुणाजवळ झोपते, कधी रडते.

एका प्रकरणात आई सुदामानगरला, वडील विजयनगरला, मुलगा सहाचाच. शनिवार-रविवार तो वडिलांकडे असायचा आणि रविवारी रात्री आठला आईच्या फाटकाशी परत यायचा. रविवारी दुपारनंतर त्याचं पोट दुखायचं. आई म्हणे, तिकडे घाबरतो. वडील म्हणत, हिनेच शिकवलंय. मी दोघांना तीन आठवडे फक्त दुखण्याची वेळ टिपायला सांगितली. शनिवारी एकदाही दुखलं नाही. एका रविवारी आजोबांनी नेऊन सोडलं, तेव्हाही नाही. दुखणं फाटकाचं होतं, कारण फीचा वाद तिथेच, त्याच्यासमोर व्हायचा.

मग देवाणघेवाण शाळेतच ठेवली. एकाआड एक शुक्रवारी वडील शाळेतून घेणार आणि सोमवारी सकाळी शाळेत सोडणार. मधे अकरा दिवसांची पोकळी राहत होती, त्या वयाला ती फार मोठी, म्हणून दर बुधवारी संध्याकाळी दोन तास वडिलांबरोबर. गणवेश दोन्ही घरी. पैशाचं बोलणं फक्त मेसेजवर, मुलाच्या हाती निरोप नाही. पहिल्या दोन सोमवारी शाळेला उशीर झाला, तेव्हा दप्तर रविवारीच भरायचं असं वाढवून लिहिलं. महिन्याभरात पोटदुखी थांबली.

तुमच्याकडे आठवडा-आठवडा लगेच मान्य करू नका, पण सरळ नाकारूही नका. सहा वर्षांच्या मुलीला एकदम सात दिवस आईशिवाय जड जातील, विशेषतः वडिलांची सवय तुटलेली असताना. बुधवार आणि एक मुक्काम यापासून सुरुवात मागा आणि दोन महिन्यांनी पुन्हा बसण्याची तारीख समझोत्यातच लिहून घ्या. सणही वेळेसकट लिहा. 'गणपतीत वडिलांकडे' एवढंच लिहिलं तर दहा दिवस भांडण चालतं, 'चतुर्थीला सकाळी दहा ते रात्री आठ' लिहिलं तर नाही. रंगपंचमीची गेर बघायला कोण नेणार, हेही आत्ताच ठरवा. मुलं ते महिनाभर आधीपासून विचारत असतात.