ब्रेकअपनंतर फेसबुकवरचे फोटो, टॅग आणि मेमरीज कशा आवरायच्या?

प्रश्न: चार वर्षांचं नातं संपलं. फेसबुकवर आमचे ढीगभर फोटो आहेत. काही मी टाकलेले, काही त्याने, काही मैत्रिणींनी. सकाळी उठलं की मेमरीचं नोटिफिकेशन आलेलं असतं. सगळं एकदम कसं काढू? आधी त्याला ब्लॉक करू का?

उत्तर:

ब्लॉक आज नको, आणि टॅगसुद्धा आज काढू नका. दोन्ही गोष्टी करायच्या आहेत, पण सगळ्यात शेवटी.

कारण असं आहे की फेसबुक तुमच्या फोटोतला चेहरा ओळखून तो कोणाचा आहे हे ठरवत नाही. फोटोत कोण आहे हे ओळखून टॅग सुचवणारी व्यवस्था त्यांनी 2021च्या नोव्हेंबरमध्ये बंद केली. त्यामुळे एखाद्या फोटोत तो आहे हे फेसबुकला कळतं ते टॅगवरून. तो टॅग तुम्ही आज रागाच्या भरात काढलात, तर फोटो तिथेच राहतो आणि त्याला शोधून देणारी खूण मात्र जाते. मग पुढच्या वर्षी त्याच तारखेला तो मेमरीत येतो आणि त्याच्या नावावरून अडवायला काहीच हाताशी नसतं. ब्लॉकचंही तसंच. ब्लॉक केलेल्या माणसाचं नाव नंतर शोधायला गेलं तर सापडत नाही, आणि आपल्याला तर पुढच्या प्रत्येक पायरीवर ते नाव टाइप करायचं आहे.

म्हणून सुरुवात मेमरीजपासून करा. रोजचा त्रास तिथला आहे आणि काम पाच मिनिटांचं आहे. facebook.com/memories उघडा, सेटिंग्जमध्ये `Hide people` वर जा, त्याचं नाव टाका आणि सेव्ह करा. त्याला याचं नोटिफिकेशन जात नाही. शेजारीच `Hide dates` आहे. ते टॅग नसलेल्या फोटोंसाठी वापरा. तुम्ही एकटीने काढलेला समुद्राचा फोटो असतो, त्यात तो दिसतही नाही, पण ती सहल कोणाबरोबर होती हे तुम्हाला माहीत असतं. त्या सहलीच्या पहिल्या आणि शेवटच्या दिवसाची तारीख टाका. वाढदिवस, साखरपुडा, नात्याची तारीख, जे दिवस मनात आहेत ते सगळे घाला. नोटिफिकेशनच नको असेल तर तेही तिथेच बंद होतं.

आता तुम्ही स्वतः टाकलेल्या पोस्ट. `Activity log` मध्ये तुमच्या पोस्टच्या यादीला फिल्टर लावता येतो, तारखेचा आणि टॅग केलेल्या व्यक्तीचा. त्याचं नाव लावलं की त्याला टॅग केलेल्या पोस्ट एका जागी येतात. त्या निवडून डिलीट करू नका, `Archive` करा. आर्काइव्हमधलं फक्त तुम्हाला दिसतं आणि कधीही परत आणता येतं. ट्रॅशमध्ये टाकलेलं 30 दिवसांनी कायमचं जातं. नातं तुटल्यानंतरचे 30 दिवस हा काही शांत डोक्याने निर्णय घेण्याचा काळ नाही. शिवाय त्या फोटोंत फक्त तो नसतो. आजी असते, मैत्रिणी असतात, तुमची पहिली नोकरी असते.

माझ्या मावसबहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा हे आम्ही दोघींनी बसून केलं. पोस्ट आर्काइव्ह झाल्या, प्रोफाइल स्वच्छ दिसायला लागलं, आणि दुसऱ्याच दिवशी एका काकूंनी तिच्या जुन्या डीपीवर कमेंट टाकली. `Profile pictures` हा वेगळा अल्बम असतो आणि तिथे प्रत्येक जुना डीपी वेगवेगळा पडून असतो. कव्हर फोटोंचंही तेच. हे अल्बम एकेक फोटो उघडून तपासावे लागतात, आणि प्रत्येकाच्या तीन टिंबांतून तो कोणाला दिसावा ते `Only me` करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण नातेवाईक नेमके तिथेच पोचतात.

साखरपुड्याचा अल्बम तिने बनवला होता. अल्बम एडिट करून `Only me` केला की आतले सगळे फोटो एकदम इतरांच्या नजरेआड जातात. अल्बम डिलीट केला असता तर आतले फोटोही गेले असते, आणि त्यातले बरेच आजोबांचे होते. एक मात्र लक्षात ठेवा: `Only me` केलेल्या फोटोवर टॅग शिल्लक असेल, तर टॅग असलेल्या माणसाला तो अजूनही दिसू शकतो. म्हणून हे झाल्यावर त्या फोटोंच्या तारखा `Hide dates` मध्ये घालायच्या आणि मगच त्यांच्यावरचे त्याचे टॅग काढायचे.

दुसऱ्यांनी टाकलेल्या फोटोंवर तुमचा हक्क इथे थोडाच चालतो. `Activity log` मध्ये तुम्हाला टॅग केलेल्या फोटोंची यादी वेगळी मिळते. तिथून एकदम अनेक निवडून `Remove tags` करता येतं. पण टॅग काढला म्हणजे फोटो गेला असं नाही. तो तुमच्या प्रोफाइलवरून सुटतो आणि ज्याने टाकला त्याच्या अल्बममध्ये तसाच राहतो. माझ्या बहिणीच्या बाबतीत मोठा अल्बम त्याच्या बहिणीकडे होता. तिथे कुठलंही बटण उपयोगाचं नव्हतं, माणसाशीच बोलावं लागलं. आम्ही मेसेज मुद्दाम छोटा ठेवला: “ताई, साखरपुड्याच्या अल्बममध्ये माझे जे फोटो आहेत ते काढशील का? किंवा फक्त घरच्यांना दिसतील असं केलंस तरी चालेल.” कारण दिलं नाही, तक्रार केली नाही. तिने त्याच संध्याकाळी अल्बम बंद केला. असा मेसेज त्याला स्वतःला पाठवण्यापेक्षा ज्याचा अल्बम आहे त्याला पाठवावा असं माझं ठाम मत आहे, नाहीतर फोटोंच्या निमित्ताने जुनं सगळं परत उघडतं. आणि मैत्रिणीच्या लग्नातल्या ग्रुप फोटोत तुम्ही दोघं कोपऱ्यात उभे असाल, तर तो तिचा आनंदाचा फोटो आहे. टॅग काढा आणि सोडून द्या.

इतकं झालं की मग रिलेशनशिप स्टेटस. बदलण्याआधी तो कोणाला दिसावा ते `Only me` करा, म्हणजे बदलल्यावर चौकशा येत नाहीत. त्यानंतर ब्लॉक करायचं तर करा. ब्लॉक जड वाटत असेल तर त्याच्या प्रोफाइलवर `Take a break` हा पर्याय आहे. त्याने त्याच्या पोस्ट तुम्हाला कमी दिसतात, तुमच्या पोस्ट त्याला कमी दिसतात आणि मित्रयादीत नाव तसंच राहतं. एकाच ऑफिसात किंवा एकाच मित्रमंडळात असाल तर हे बरं पडतं.

फेसबुक संपलं तरी फोनमधलं गूगल फोटोज राहतंच, आणि तिथला खेळ उलटा आहे. ते चेहऱ्यावरून फोटोंचे गट करतं, त्यामुळे मेमरीजच्या सेटिंगमध्ये त्याचा चेहरा लपवला की टॅग नसला तरी चालतं. पण त्याही आधी `Partner sharing` चालू आहे का ते बघा. नातं चालू असताना हे एकदा सुरू केलं की विसरायला होतं, आणि तुमचे आजचे नवे फोटोसुद्धा आपोआप त्याच्याकडे जात राहतात. ते आजच बंद करा, बाकीची सगळी कामं उद्यावर गेली तरी चालतील. मात्र त्याने आधीच स्वतःच्या लायब्ररीत सेव्ह केलेले फोटो यामुळे परत येत नाहीत.